चुकीच्या गाठींची नळी

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग होता, आणि तिथल्या लोकांना आमच्या फ्रिजमधल्या एका छोट्या बाटलीची धास्ती होती. बाटलीत पांढरी भुकटी होती, गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं रायबोन्यूक्लिएज ए. हे एन्झाइम आरएनएचे तुकडे करतं, आणि त्यांचं सगळं काम आरएनए सांभाळण्याचं. आमची काचेची भांडी चुकून त्यांच्या सिंकमध्ये गेली की दुपारभर कुरबुर चालायची. "बाकीची एन्झाइमं उकळली की मरतात, तुमचं हे उकळूनही उठून बसतं," असं तिथले एक सर म्हणायचे. तक्रार खरी होती. प्लास्मिड काढताना ते स्वतःच रायबोन्यूक्लिएजचं द्रावण दहा-पंधरा मिनिटं उकळत आणि सावकाश थंड होऊ देत. त्यात मिसळलेलं डीएनए कापणारं एन्झाइम त्या उकळण्यात कामातून जायचं, रायबोन्यूक्लिएज मात्र थंड झालं की पुन्हा कामावर हजर.

एम. एस्सी.च्या जीवरसायनशास्त्राच्या मुलांना मी वीसेक वर्षं जे प्रात्यक्षिक दिलं, ते याच हट्टी प्रथिनावर होतं. १९५०च्या दशकाच्या शेवटी आणि १९६०च्या सुरुवातीला अमेरिकेत बेथेस्डा इथे ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच एन्झाइमवर प्रयोग केले. १९७२ सालचं रसायनशास्त्राचं निम्मं नोबेल अ‍ॅन्फिन्सेन यांना मिळालं, उरलेलं निम्मं स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांना, तेही याच प्रथिनावरच्या कामासाठी. पाठ्यपुस्तकात हा प्रयोग पाऊण पानात उरकतो: प्रथिनाची घडी मोडली, पुन्हा आपोआप घडली, म्हणून अमिनो आम्लांचा क्रम आकार ठरवतो. मीही पहिली काही वर्षं तसंच शिकवलं. पुढे माझ्या लक्षात आलं की घडी पुन्हा नीट बसलेली नळी यात सगळ्यात कमी बोलते. खरं बोलते ती बिघडलेली नळी.

आधी साखळी समजून घेऊ. रायबोन्यूक्लिएज ए म्हणजे १२४ अमिनो आम्लांची एकच माळ. त्यात आठ ठिकाणी सिस्टीन आहे. सिस्टीनच्या टोकाला गंधक असतो, आणि दोन सिस्टीन जवळ आले, थोडा ऑक्सिजन मिळाला, की दोन गंधकांची गाठ बसते. हा डायसल्फाइड बंध. नैसर्गिक रेणूत अशा चार गाठी असतात: २६ ची ८४ शी, ४० ची ९५ शी, ५८ ची ११० शी आणि ६५ ची ७२ शी. बाकी रेणूला आकारात धरून ठेवणाऱ्या गोष्टी एकेकट्या कमजोर असतात. तेलासारखी, पाण्याला नको असलेली अमिनो आम्लं आत दडतात, आणि त्यांच्याभोवती अडकलेलं पाणी मोकळं होतं. साखळीचे भाग एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडतात. आतली जागा इतकी गच्च भरलेली असते की अणू अणूला टेकून बसतो. कुठे कुठे धन आणि ऋण भार समोरासमोर येतात.

या सगळ्याची बेरीज किती? घडी घातलेला रायबोन्यूक्लिएज आणि उलगडलेला रायबोन्यूक्लिएज यांच्यातला फरक नेहमीच्या तापमानाला मोलमागे साधारण ९ किलोकॅलरी भरतो. मुलांना हा आकडा फार मोठा वाटायचा. मी म्हणायचे, हायड्रोजन बंध एकेक दोन-चार किलोकॅलरीचा धरा आणि असे किती बंध या रेणूत आहेत ते मोजा. बंधांची संख्या डझनांत जाते, आणि शिल्लक मात्र दोन-तीन बंधांइतकीच. कारण साखळी मोकळी असताना तिला हजारो तऱ्हांनी वळवळता येतं. ते स्वातंत्र्य सोडायची किंमत प्रचंड आहे, आणि पाण्याशी असलेले हायड्रोजन बंधही आधी तोडावे लागतात. मोठा जमाखर्च करून हाती अगदी थोडं राहतं. म्हणून ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास हा रेणू उलगडतो.

प्रात्यक्षिक तीन दिवस चालायचं. पहिल्या दिवशी युरिया. आमच्याकडची बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची, त्यामुळे युरिया म्हटलं की वर्गात खसखस पिकायची. शेतात टाकतात तोच रेणू, फक्त शुद्ध. आठ मोलर द्रावणासाठी १०० मिलिलिटरला ४८ ग्रॅम लागतो, म्हणजे बीकर जवळजवळ अर्धा भुकटीनेच भरतो. विरघळताना तो उष्णता ओढून घेतो आणि बीकर बाहेरून घामेजतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. एवढ्या दाट युरियात साखळीला पाण्यापेक्षा युरियाची सोबत बरी वाटते. तेलकट भागही बाहेर यायला कचरत नाहीत, आणि आत दडण्यातला फायदा संपतो.

पण नुसत्या युरियाने चार गाठी सुटत नाहीत. त्यासाठी मर्कॅप्टोइथेनॉल. त्याची बाटली उघडली की मजलाभर गटार तुंबल्याचा वास सुटायचा. आमचे प्रयोगशाळा सहायक, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्या दिवशी खिडक्या आधीच उघडून ठेवायचे आणि शेजारच्या विभागात जाऊन सांगून यायचे, "आज मॅडमचं गंधकाचं आहे." युरियाच्या द्रावणात ते घातलं, आम्लता-निर्देशांक साडेआठाच्या जवळ ठेवला आणि रात्रभर राहू दिलं, की गाठी सुटतात आणि आठ सुटे थायॉल उरतात. दुसऱ्या दिवशी हे मिश्रण सेफाडेक्सच्या स्तंभातून सोडायचं. प्रथिन आधी उतरतं. युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल लहान रेणू, ते मण्यांत अडकत मागून येतात. स्तंभातून वाहतं ते ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल. आम्ल एवढ्याचसाठी की त्यात थायॉल हायड्रोजनला धरून बसतात आणि आपल्या परवानगीशिवाय गाठी मारत नाहीत.

गाठी खरंच सुटल्या का, हे डोळ्याला दिसत नाही. इथे एल्मनचा अभिकर्मक वापरायचा. सुटा थायॉल सापडला की तो पिवळा रंग देतो आणि ४१२ नॅनोमीटरला तो रंग मोजता येतो. एका तुकडीचं गणित मला पाठ आहे, कारण ते फळ्यावर महिनाभर कुणी पुसलंच नाही. प्रथिन १० मायक्रोमोलर होतं, म्हणजे पूर्ण सुटलं असेल तर थायॉल ८० मायक्रोमोलर. मोजताना दुप्पट पातळ केलं, म्हणजे ४०. या रंगाचा गुणांक १४,१५० आहे, तेव्हा वाचन ०.५७ यायला हवं. आलं ०.५४. उलट गणित केलं की रेणूमागे ७.६ थायॉल. आठ आले असते तर मलाच शंका आली असती. एवढ्या हाताळणीत थोडे थायॉल हवेने खाल्ले जाणारच.

आता तीन नळ्या. पहिल्या नळीत हे प्रथिन युरिया नसलेल्या, आम्लता-निर्देशांक ८ च्या बफरमध्ये अगदी पातळ करायचं, मिलिलिटरला ०.०२ मिलिग्रॅम इतकं, आणि तोंड नुसतं सैल झाकून हवेत ठेवायचं. दुसऱ्या नळीत सगळं तेच, पण बफरमध्ये आठ मोलर युरिया. म्हणजे गाठी बसायला मोकळीक, पण घडी बसायला मनाई. चोवीस तासांनी दुसऱ्या नळीतला युरिया काढून टाकायचा, मग तिचे दोन भाग करायचे. एक भाग तसाच. दुसऱ्या भागात मर्कॅप्टोइथेनॉलचा कणभर अंश, गाठी तोडून संपवायला अपुरा आणि अदलाबदल चालू ठेवायला पुरेसा. हीच तिसरी नळी.

तपासायला यीस्टचा आरएनए. एन्झाइम त्याला कापत जातं तसं ३०० नॅनोमीटरचं वाचन घसरत जातं, आणि घसरण्याचा वेग म्हणजे एन्झाइमची ताकद. अजिबात न छेडलेलं रायबोन्यूक्लिएज १०० धरलं, तर त्याच तुकडीत पहिल्या नळीने ८४ दिले. दुसरीने २. तिसरीने रात्रभरानंतर ७१.

पहिल्यांदा हे बघणारी मुलं ८४ कडे बघून खूश व्हायची. मी त्यांना २ कडे वळवायचे. दुसऱ्या नळीत एल्मनचा रंग शून्याच्या जवळ आला होता, म्हणजे आठही गंधकांच्या गाठी बसल्या होत्या. मग काम का होत नाही? आठ माणसांच्या चार जोड्या किती तऱ्हांनी लागतात ते मोजायला सांगायचे. पहिल्याला सात पर्याय, मग जो उरेल त्याला पाच, मग तीन, मग एक. सात गुणिले पाच गुणिले तीन, एकूण १०५. युरियात साखळी वाटेल तशी वळवळते आणि जोड्या जवळपास नशिबाने लागतात, त्यातली बरोबर एकच. नशिबाने बरोबर जोडी लागण्याची शक्यता साधारण एक टक्का, आणि अ‍ॅन्फिन्सेन यांच्या गटाला अशा मिश्रणात एक टक्क्याच्या आसपासच सक्रियता मिळाली होती. आमचे दोन टक्के त्यापेक्षा जास्त. याचं कारण बहुधा आमचीच बोटं. माणसाच्या कातडीवरही आरएनए कापणारी एन्झाइमं असतात. पलीकडच्या विभागाची कुरबुर तेव्हा मला पटली.

खरी गंमत तिसऱ्या नळीची. तिच्यात नवं काहीच घातलेलं नाही. ना साचा, ना बरोबर घडी बसलेल्या रेणूचा नमुना, ना पेशीतला एखादा मदतनीस. फक्त गाठ सोडून पुन्हा मारायची मुभा. आणि तेवढ्यावर चुकीच्या १०४ जोड्यांच्या गर्दीतून साखळी त्या एका जोडणीकडे सरकत गेली. गाठी जर आकार ठरवत असत्या, तर दुसऱ्या नळीतल्या भक्कम गाठींनी त्या वेड्यावाकड्या आकारालाच कायम केलं असतं. तसं झालं नाही. ठरवतात त्या कमजोर गोष्टी: कुठलं तेलकट अमिनो आम्ल कुणाशेजारी दडलं की सगळं गच्च बसतं, कुठला हायड्रोजन बंध सरळ पडतो. गाठी पाठीमागून येतात आणि दार लावून घेतात.

एका वर्षी एका मुलीने इथेच मला अडवलं. ती म्हणाली, "मॅडम, पण तुम्हीच सांगितलंत की गाठी नसलेला रायबोन्यूक्लिएज युरिया नसतानाही नीट घडी धरत नाही. मग निवड करतं कोण?" प्रश्न अचूक होता. पहिल्या नळीत पातळ केल्याच्या क्षणी साखळी पटकन घडी घालून बसत नाही. ती बराच वेळ अर्धवट, चंचल असते. पण चंचल असली तरी सगळ्या आकारांत सारखी वेळ घालवत नाही. मूळ घडीच्या जवळच्या आकारांत जरा जास्त रेंगाळते. त्या रेंगाळण्यात एखादी योग्य गाठ बसते. गाठ बसली की मोकळ्या साखळीचं वळवळणं थोडं कमी होतं, म्हणजे घडीची किंमत थोडी उतरते, आणि पुढची योग्य गाठ सोपी होते. शेवटी योग्य गाठी घडीच्या आत झाकल्या जातात, तिथे मर्कॅप्टोइथेनॉलचा हात सहज पोचत नाही. चुकीच्या गाठी बाहेर उघड्या राहतात आणि पुन्हा पुन्हा सुटतात. निवड होते ती अशी, एका फटक्यात नाही. म्हणूनच तिसऱ्या नळीला रात्र लागते. पेशीला एवढा वेळ नसतो. १९६३ साली अ‍ॅन्फिन्सेन यांच्याच गटाला यकृताच्या पेशींत या अदलाबदलीचा वेग वाढवणारं एन्झाइम सापडलं. ते घाई करतं, पण कुठली गाठ बरोबर हे त्यालाही ठाऊक नसतं.

तिची दुसरी शंका आणखी टोकदार होती. साखळी पूर्ण उलगडली होती कशावरून? कुठे तरी जुन्या घडीची सुरकुती राहिली असेल आणि तिच्याच आधाराने घडी परत आली असेल तर? आमच्या तीन नळ्यांत याचं उत्तर नव्हतं. उत्तर १९६९ साली न्यूयॉर्कला मिळालं. रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मेरिफील्ड आणि बर्न्ड गुट्टे यांनी १२४ अमिनो आम्लं एकामागून एक जोडून हीच साखळी प्रयोगशाळेत बांधली. गाय नाही, पेशी नाही, जुनी घडी असण्याचा प्रश्नच नाही. गाठी हवेत बसू दिल्यावर त्या पदार्थाने रायबोन्यूक्लिएजचं काम केलं. त्याची ताकद अस्सलच्या बरीच खाली होती. शेकडो पायऱ्यांच्या बांधणीत कुठे अमिनो आम्ल सुटणं अटळच होतं, पण तो आरएनए ओळखून कापत होता. ही गोष्ट मला तिसऱ्या नळीइतकीच आवडते.

सगळं नेहमी असं सुरळीत चाललं नाही. एका वर्षी पहिली नळी तीसवर अडकली, तिसरी त्याहून खाली. मुलं हिरमुसली. मी आधी गढूळपणा बघितला. प्रथिन जास्त दाट ठेवलं तर अर्धवट घडीतल्या साखळ्यांचे तेलकट भाग आपल्याच साखळीत जोडीदार शोधण्याऐवजी शेजारणीच्या साखळीत शोधतात, गुंता होतो आणि नळी दुधाळ दिसते. अंड्याचं तेच होतं. पांढऱ्या बलकात प्रथिन दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातल्या मुख्य प्रथिनाचे सुटे थायॉल एकमेकांत अडकायला तयारच. म्हणून उकडलेलं अंडं थंड झाल्यावर पुन्हा पातळ होत नाही. आमची नळी मात्र स्वच्छ होती. मग एल्मन: रंग नाही, म्हणजे गाठी बसलेल्या. घडी बसायला हवी होती आणि बसत नव्हती.

मग मामांनी सहज सांगितलं की युरिया त्या वर्षी आठवडाभर आधीच करून ठेवला होता, आणि विरघळत नाही म्हणून एका मुलाने बीकर हॉट प्लेटवर ठेवला होता. मी डोक्याला हात लावला. युरियाच्या द्रावणात नेहमीच थोडं सायनेट तयार होत असतं. ते द्रावण तापवलं किंवा शिळं केलं की वाढतं, आणि लायसिनच्या टोकाला चिकटतं. रायबोन्यूक्लिएजमध्ये दहा लायसिन आहेत, त्यातलं ४१ क्रमांकाचं तर आरएनए कापण्याच्या जागीच बसलेलं. पडताळा सोपा होता. न छेडलेलं प्रथिन मर्कॅप्टोइथेनॉलशिवाय त्याच जुन्या युरियात रात्रभर ठेवलं, मग युरिया काढला. यात गाठी सुटायचाच प्रश्न नाही, तेव्हा सक्रियता पूर्ण परत यायला हवी होती. आली निम्मी. दुसऱ्या दिवशी ताज्या युरियात तेच केलं, जवळपास शंभर आली. म्हणजे दोष घडीचा नव्हता. आम्ही मजकुरातली अक्षरंच बदलली होती आणि जुना अर्थ मागत बसलो होतो.

क्रमाचं हे म्हणणं सगळीकडे सारखं चालत नाही, हेही सांगायला हवं. इन्शुलिनच्या दोन साखळ्यांत मिळून तीन गाठी असतात. त्या गाठी सोडून पुन्हा बसू दिल्या तर फारच थोडं इन्शुलिन परत येतं. कितीतरी काळ हे कोडं होतं. १९६७च्या सुमारास कळलं की शरीरात इन्शुलिन आधी एका लांब साखळीच्या रूपात तयार होतं, प्रोइन्शुलिन. घडी त्या अख्ख्या साखळीची बसते आणि मग मधला तुकडा कापून टाकला जातो. प्रोइन्शुलिन घेतलं तर ते मात्र नीट परत येतं. आपण अर्धं वाक्य देऊन पूर्ण अर्थ मागत होतो.

मी निवृत्त झाले त्या वर्षी प्रात्यक्षिकाची वही पुढच्या शिक्षिकेच्या हाती दिली. पहिल्या पानावर एकच सूचना लाल शाईत आहे: युरिया त्याच सकाळी करा, आणि बीकर गार पडला तरी हॉट प्लेट लावू नका, हाताने ढवळत बसा.